रद्द झालेल्या बसच्या तिकिटाचे पैसे परत मागताना: स्क्रीनशॉटवरून पत्र कसे लिहावे

मुंबईहून कोल्हापूर, सांगली किंवा सावंतवाडीकडे जाणाऱ्या खाजगी ट्रॅव्हल्सचे तिकीट आता बहुतेक जण मोबाइलवरच काढतात, आणि बस ऐन वेळी रद्द झाली की हातात पुरावा म्हणून उरतो तो एखादा स्क्रीनशॉट. त्या स्क्रीनशॉटमधून नेमके काय उचलायचे, ते पत्रात कुठे आणि कसे मांडायचे, आणि पत्र कोणाला पाठवायचे, एवढ्यापुरताच हा लेख आहे. रेल्वेचा मार्ग वेगळा आहे. गाडीच रद्द झाली असेल, तर ई-तिकिटाचे पैसे अर्ज न करता ज्या खात्यातून गेले त्यात परत येतात. त्यामुळे येथे विचार फक्त खाजगी बसचा आणि तोही अ‍ॅपवरून काढलेल्या तिकिटाचा केला आहे.

चेंबूरच्या आमच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. ऑगस्ट महिन्यातल्या एका शुक्रवारी रात्री त्यांना पत्नीसह कोल्हापूरला जायचे होते. बस बोरिवलीहून निघून अंधेरी, सायन करत चेंबूरच्या मैत्री पार्कला येणार होती. संध्याकाळी पावणेआठला ट्रॅव्हल्सच्या कार्यालयातून फोन आला की आज गाडी नाही, आणि फोनवरच्या मुलाने पुढे सांगितले, "काका, तुम्ही अ‍ॅपमध्ये जाऊन तिकीट कॅन्सल करा, म्हणजे पैसे लगेच परत येतील." गुरुजींनी त्याप्रमाणे केले. चार दिवसांनी खात्यात ९५० रुपये आले. भरले होते १,८७५.

"अहो, त्यानेच सांगितलं म्हणून मी ते बटण दाबलं. यात माझं काय चुकलं?" असे ते मला विचारत होते. चूक म्हणावी तर एवढीच की त्या एका बटणाने नोंद बदलली. बस ऑपरेटरने रद्द केली तर सगळे पैसे परत मिळायला हवेत, पण प्रवाशाने तिकीट रद्द केले तर तिकिटावर छापलेल्या तक्त्याप्रमाणे कपात होते, आणि सुटण्याच्या वेळेच्या जितके जवळ जावे तितकी ती वाढत जाते. गुरुजींच्या तिकिटावर त्या वेळेला पन्नास टक्के कपात लागू होती. अ‍ॅपच्या यंत्रणेला फोनवर काय बोलणे झाले ते ठाऊक नसते, तिला बटण कोणी दाबले एवढेच कळते. म्हणून नवख्या माणसाने सर्वांत आधी हे लक्षात ठेवावे की बस रद्द झाल्याचे कळल्यावर अ‍ॅपमधले `Cancel` चे बटण स्वतः दाबू नये. ऑपरेटरने आपल्या बाजूने फेरी रद्द केल्याची नोंद करावी, असे त्याला सांगावे आणि ते लेखी मागावे. बटण आधीच दाबले गेले असेल, तर पत्राचे काम थोडे वाढते इतकेच.

स्क्रीनशॉट जपणे आणि पुरे करणे

लिहायला बसण्यापूर्वी आपल्याकडे नेमके काय आहे ते पाहावे. बहुतेकांकडे तिकिटाच्या वरच्या अर्ध्या भागाचाच स्क्रीनशॉट असतो, ज्यात मार्ग, तारीख आणि आसन दिसते, पण खाली सरकवल्यावर दिसणारा पैशांचा तपशील आणि कपातीचा तक्ता राहून जातो. अ‍ॅपमध्ये तिकीट अजून दिसत असेल तर लगेच तेही भाग टिपून घ्यावेत. बऱ्याच फोनमध्ये पडदा खाली सरकवत एकच लांब स्क्रीनशॉट घेण्याची सोय असते, ती वापरल्यास सगळे एका चित्रात येते. दुसरा स्क्रीनशॉट पैसे भरल्याचा असावा. तो तिकिटाच्या अ‍ॅपमधून न घेता ज्या अ‍ॅपने पैसे दिले त्याच्या व्यवहारांच्या यादीतून घ्यावा. तिसरा, बस रद्द झाल्याचे सांगणाऱ्या संदेशाचा किंवा कॉलच्या नोंदीचा.

मूळ फाइलला हात लावू नये. लाल गोल काढायचा असेल, शेजारच्या सूचना झाकायच्या असतील किंवा कडा कापायच्या असतील, तर प्रत काढून त्या प्रतीवर करावे. याला एक व्यवहारी कारण आहे. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये स्क्रीनशॉटच्या फाइलच्या नावातच तो कधी घेतला त्याची तारीख आणि वेळ असते, उदाहरणार्थ `Screenshot_20250822-195112.png` म्हणजे २२ ऑगस्ट २०२५, संध्याकाळी ७ वाजून ५१ मिनिटे १२ सेकंद. हाच स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की समोरच्याकडे ते नाव पोचत नाही आणि चित्रही दाबले जाऊन बारीक अक्षरे पुसट होतात. मुलीकडून किंवा भावाकडून स्क्रीनशॉट मागवायचा असेल, तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे किंवा ईमेलने घ्यावा.

पडद्याच्या अगदी वर कोपऱ्यात दिसणारी वेळ ही स्क्रीनशॉट घेतल्याची वेळ असते, तिकीट काढल्याची नव्हे. हा घोटाळा मी अनेक पत्रांत पाहिला आहे. "मी १०.४२ वाजता तिकीट आरक्षित केले" असे लिहिले जाते, ऑपरेटरच्या नोंदीत वेळ वेगळी निघते, आणि मग पत्रातल्या इतर खऱ्या गोष्टींवरही शंका घेतली जाते.

कोणता मजकूर उचलायचा

गुरुजींचा स्क्रीनशॉट आम्ही दोघांनी टेबलावर फोन ठेवून वाचायला घेतला. वर ठळक अक्षरांत `Fri, 22 Aug` असे होते. खाली पिकअपच्या ओळीत मैत्री पार्क आणि `12:15 AM, 23 Aug` असे होते. गुरुजींनी पत्राच्या कच्च्या मसुद्यात "२२ ऑगस्ट रोजी १२.१५ वाजता" असे लिहिले होते. हे वाचणाऱ्याला दुपारचे सव्वाबारा वाटतील आणि त्या दिवशी दुपारी अशी कोणतीच गाडी नव्हती, असे उत्तर देऊन तो मोकळा होईल. रात्रीच्या बसचा हिशेब असा असतो की फेरीची तारीख ती पहिल्या थांब्यावरून सुटते त्या दिवसाची धरतात. बोरिवलीहून शुक्रवारी रात्री दहाला निघालेली गाडी चेंबूरला मध्यरात्रीनंतर पोचते, तेव्हा दिनदर्शिकेत शनिवार लागलेला असतो, पण ऑपरेटरच्या दप्तरी ती शुक्रवारचीच फेरी. म्हणून पत्रात दोन्ही लिहावे: फेरीची तारीख २२ ऑगस्ट, आणि माझ्या पिकअपची वेळ २२ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे २३ ऑगस्टला पहाटे ००.१५.

त्यानंतर क्रमांक. तिकिटावर सहसा दोन क्रमांक असतात. एक अ‍ॅपने दिलेला तिकीट क्रमांक आणि दुसरा `PNR`, जो बसच्या ऑपरेटरच्या आरक्षण यंत्रणेतला असतो. ऑपरेटरच्या कार्यालयातला कारकून आपली नोंद दुसऱ्यावरून शोधतो आणि अ‍ॅपचा कर्मचारी पहिल्यावरून, त्यामुळे एकच दिला तर पत्र एका ठिकाणी तरी अडतेच. दोन्ही द्यावेत. पत्र मराठीत असले तरी हे क्रमांक पडद्यावर दिसतात तसेच, त्याच लिपीत आणि त्याच अंकांत लिहावेत, कारण ते शोधाच्या चौकटीत चिकटवले जाणार असतात आणि देवनागरी अंक लिहिले तर काहीच सापडणार नाही.

हे क्रमांक डोळ्यांनी पाहून टाइप करू नयेत. हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये चित्रातला मजकूर बोटाने निवडून कॉपी करता येतो, त्याने काम हलके होते. पण कॉपी केलेला क्रमांकही एकेक अक्षर करून ताडून पाहावा लागतो, कारण शून्य आणि इंग्रजी `O`, एक आणि `I`, पाच आणि `S`, आठ आणि `B` यांत फोनही फसतो. गुरुजींच्या तिकीट क्रमांकात `8B` अशी जोडी होती आणि फोनने ती `88` अशी वाचली होती. शंका असेल तिथे स्क्रीनशॉट मोठा करून त्याच ओळीतल्या दुसऱ्या, निःशंक ओळखू येणाऱ्या शून्याशी किंवा आठाशी तुलना करावी. तिकिटाचा ईमेल किंवा एसएमएस आला असेल तर सर्वांत उत्तम, कारण तिथले अक्षर हे अक्षरच असते.

पैसे भरल्याच्या स्क्रीनशॉटवरही दोन-तीन क्रमांक दिसतात आणि नवखा माणूस बहुधा त्यातला सर्वांत लांबलचक उचलतो. तो बऱ्याचदा त्या पेमेंट अ‍ॅपचा स्वतःचा अंतर्गत क्रमांक असतो आणि बँकेला त्याचा उपयोग नसतो. यूपीआयने पैसे दिले असतील, तर हवा असतो तो बारा अंकी क्रमांक, ज्याच्यापुढे `UTR`, `UPI Ref. No.` किंवा `UPI transaction ID` यांपैकी काहीतरी लिहिलेले असते. बारा अंक मोजून घ्यावेत. तोच क्रमांक बँकेच्या खातेउताऱ्यात त्या नोंदीसमोर दिसला, तर आपण बरोबर ओळीवर आहोत.

किती रकमेची मागणी करायची

येथे थोडे थांबून हिशेब करावा, कारण चुकीची रक्कम मागितली की पत्राला ‘रक्कम जुळत नाही’ असे एका ओळीचे उत्तर येते. गुरुजींच्या तिकिटाचा तपशील असा होता: दोन आसनांचे भाडे १,९०० रुपये, त्यावर जीएसटी ९५ रुपये, प्रवास विमा ३० रुपये, म्हणजे २,०२५ रुपये, त्यातून कूपनची सवलत १५० रुपये वजा होऊन प्रत्यक्ष भरलेली रक्कम १,८७५ रुपये. गुरुजींचे म्हणणे होते की २,०२५ मागावेत, कारण तिकिटावर तेवढे छापले आहेत. पण खात्यातून जे गेलेच नाही ते परत मागता येत नाही. उलट, फक्त भाडे मागून कर आणि विमा सोडून देण्याचेही कारण नाही, कारण प्रवासच झाला नाही. ऑपरेटर कधी कधी विम्याची रक्कम आपल्याकडे आलीच नाही असे सांगतो, आणि ते खरेही असू शकते. म्हणूनच पत्राची प्रत अ‍ॅपच्या कंपनीला जायला हवी, म्हणजे तिच्याकडचा भाग तिने द्यावा.

तेव्हा मागणी अशी ठरली: भरलेले १,८७५, परत आलेले ९५०, बाकी ९२५ रुपये. पत्रात हे तिन्ही आकडे लिहावेत. आधी काही रक्कम मिळाली असेल तर ती लपवू नये, कारण ऑपरेटर सर्वांत आधी तेवढेच दाखवून ‘परतावा दिलेला आहे’ असे कळवतो.

ऐन वेळी केलेल्या टॅक्सीचा किंवा दुसऱ्या बसच्या जादा भाड्याचा खर्च याच पत्रात मागू नये असे माझे मत आहे. तिकिटाचे पैसे ही सरळ, आकड्यांची बाब आहे. नुकसानभरपाई वादाची आहे. दोन्ही एकत्र केले की वादाच्या बाबीमुळे सरळ बाबही लटकते. तो हक्क राखून ठेवत असल्याचे एक वाक्य पुरते.

पत्र कोणाला

पैसे अ‍ॅपने घेतले आणि बस ऑपरेटरने रद्द केली, त्यामुळे दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. अ‍ॅप म्हणते की ऑपरेटरने फेरी रद्द झाल्याचे आम्हाला कळवलेले नाही; ऑपरेटर म्हणतो की पैसे अ‍ॅपकडे आहेत. दोघांचेही बोलणे आपापल्या जागी अर्धे खरे असते. म्हणून पत्र ऑपरेटरच्या नावे लिहून त्यात दोन मागण्या कराव्यात: एक, ही फेरी आपणच रद्द केल्याचे अ‍ॅपला लेखी कळवावे, आणि दोन, उरलेली रक्कम ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात परत करावी. त्याच पत्राची प्रत अ‍ॅपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवावी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे या अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि तक्रारीचे निवारण एका महिन्यात करायचे असते. त्याचे नाव आणि ईमेल अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर दिलेले असणे बंधनकारक आहे.

पत्ता किंवा फोन शोधताना गूगलवर ‘कस्टमर केअर’ असे टाकून जो पहिला नंबर दिसेल तो लावू नये. परताव्याच्या नावाखाली फसवणारे लोक नेमके तिथेच बसलेले असतात. ते पिन टाकायला सांगतात किंवा फोनचा पडदा दुरून पाहता येईल असे एखादे अ‍ॅप उतरवायला लावतात. पैसे परत येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. तिकिटावर, तिकिटाच्या ईमेलमध्ये किंवा अ‍ॅपच्या मदत विभागात असलेलेच पत्ते वापरावेत. फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे.

पत्राचा नमुना

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पहिल्या परिच्छेदात यायला हवी: बस कोणी रद्द केली. स्क्रीनशॉटवर फक्त `Cancelled` असते, ते कोणी केले हे नसते, आणि सगळा वाद त्यावरच असतो. पत्रातले प्रत्येक विधान सोबतच्या कोणत्या ना कोणत्या चित्रात बोट ठेवून दाखवता यावे. गुरुजींसाठी आम्ही तयार केलेले पत्र पुढे दिले आहे. नावे काढली आहेत, क्रमांक बदलले आहेत आणि व्यवहार क्रमांकाचे मधले अंक झाकले आहेत. आपल्या पत्रात तो पूर्ण लिहावा.

दिनांक: २७ ऑगस्ट २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
(तिकिटावर छापलेले ऑपरेटरचे पूर्ण नाव व मुंबई कार्यालयाचा पत्ता)

प्रत: तक्रार निवारण अधिकारी, (ज्या अ‍ॅपवरून तिकीट काढले त्या कंपनीचे नाव)

विषय: आपण रद्द केलेल्या दि. २२ ऑगस्ट २०२५ च्या बोरिवली–कोल्हापूर फेरीच्या तिकिटाची उर्वरित रक्कम ९२५ रुपये परत मिळण्याबाबत. तिकीट क्र. `TK8B05S1`, PNR `KP220817`

महोदय,

वरील फेरीची L3 आणि L4 ही दोन आसने मी आरक्षित केली होती. माझे पिकअप मैत्री पार्क, चेंबूर येथे २२ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे २३ ऑगस्ट २०२५ रोजी ००.१५ वाजता होते. ही फेरी आपल्या कार्यालयाने रद्द केली. तसे मला २२ ऑगस्ट रोजी संध्याकाळी ७.४४ वाजता आपल्या कार्यालयाच्या क्रमांकावरून दूरध्वनीने कळवण्यात आले (सोबतचे चित्र ३).

त्याच संभाषणात आपल्या प्रतिनिधीने अ‍ॅपमधून तिकीट रद्द करण्यास सांगितल्यावरून मी ७.५१ वाजता तसे केले. मी प्रवास रद्द केलेला नव्हता. फेरी उपलब्ध नसल्याचे कळल्यानंतर आपल्या सूचनेवरून केलेली ती कृती होती. असे असता प्रवाशाने तिकीट रद्द केल्याचे गृहीत धरून पन्नास टक्के कपात करण्यात आली आहे, ती मला मान्य नाही.

तिकिटापोटी मी १,८७५ रुपये भरले (यूपीआय व्यवहार क्र. `5226••••4817`, दि. १४ ऑगस्ट २०२५, सोबतचे चित्र २). त्यापैकी ९५० रुपये २६ ऑगस्ट रोजी परत मिळाले. ९२५ रुपये येणे बाकी आहेत.

तरी (१) उपरोक्त फेरी आपण रद्द केल्याचे संबंधित अ‍ॅपला लेखी कळवून त्याची प्रत मला द्यावी, आणि (२) ९२५ रुपये मूळ भरणा झालेल्या खात्यातच हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत जमा करून परताव्याचा व्यवहार क्रमांक मला कळवावा, ही विनंती. या रकमेखेरीज झालेल्या खर्चाबाबतचा माझा हक्क मी राखून ठेवत आहे.

आपला,
(संपूर्ण नाव, तिकिटावर आहे तसे, आरक्षणात दिलेला मोबाइल क्रमांक, ईमेल)

सोबत: चित्र १ – तिकीट व भाड्याचा तपशील, चित्र २ – भरणा, चित्र ३ – कॉलची नोंद, चित्र ४ – ९५० रुपये जमा झाल्याची बँकेतील नोंद, चित्र ५ – त्याच बसच्या दुसऱ्या प्रवाशाला आलेला आपला एसएमएस

नाव तिकिटावर आहे तसेच लिहायचे, एवढी एक बाब लोक विसरतात. मुलाने आपल्या खात्यातून आई-वडिलांचे तिकीट काढलेले असते, पत्र वडील लिहितात, आणि आरक्षणातला मोबाइल क्रमांक मुलाचा असतो. मग ‘आपली नोंद आढळत नाही’ असे उत्तर येते. अशा वेळी प्रवाशाचे नाव आणि आरक्षण करणाऱ्याचे नाव व क्रमांक, दोन्ही द्यावेत.

नुसत्या फोनने कळवले असेल तर कॉलची नोंद हा तसा कच्चा पुरावा आहे, कारण बोलणे काय झाले ते त्यात नसते. तो पक्का करण्याचा साधा उपाय म्हणजे फोन ठेवल्याबरोबर त्याच क्रमांकावर संदेश पाठवणे: "आपण आत्ता ७.४४ ला फोन करून आजची बोरिवली–कोल्हापूर बस रद्द झाल्याचे कळवले आहे. कृपया तसे लेखी कळवावे." उत्तर आले तर सोन्याहून पिवळे. नाही आले, तरी वाद उभा राहण्यापूर्वीच आपण हे म्हटले होते, हे दिसते. गुरुजींनी असा संदेश पाठवला नव्हता, पण त्याच बसची वाट पाहणाऱ्या त्यांच्या मेहुण्याला ऑपरेटरचा एसएमएस आला होता. तो आम्ही पत्राला पाचवे चित्र म्हणून जोडला, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वजन त्याचेच पडले.

पत्रात कायद्याची कलमे घालावीत का, असे बरेच जण विचारतात. पहिल्या पत्रात गरज नाही. एक चूक मात्र हटकून होते. बँकेचा व्यवहार फसल्यास उशिराबद्दल दर दिवशी १०० रुपये भरपाई देण्याचे भारतीय रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक आहे, ते लोक येथे लावतात. ते फसलेल्या व्यवहारांसाठी आहे, म्हणजे खात्यातून पैसे गेले पण समोरच्याला पोचले नाहीत अशा प्रकरणांसाठी. आपला भरणा यशस्वी झाला होता, सेवा मिळाली नाही. तेव्हा ते येथे लागू पडत नाही, आणि ते लिहिले की पत्र वाचणाऱ्याला उत्तर देणे सोपे जाते.

पाठवणे आणि पुढचा पाठपुरावा

ईमेलने पाठवताना पत्राचा मजकूर ईमेलमध्येच टाइप करावा. पत्राचा फोटो जोडू नये, कारण त्यातून क्रमांक कॉपी करता येत नाहीत. स्क्रीनशॉट मूळ स्वरूपात जोडावेत आणि फाइलींना ‘चित्र १’, ‘चित्र २’ अशी नावे त्यांच्या प्रतींवर द्यावीत. बँकेच्या नोंदीच्या चित्रात खात्यातील शिल्लक आणि इतर व्यवहार दिसत असतील तर ते प्रतीवर झाकावेत. ऑपरेटरचे कार्यालय दादर, सायन अशा जवळच्या ठिकाणी असेल, तर छापील पत्र हाताने नेऊन दिलेले बरे. दोन प्रती न्याव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही व तारीख घ्यावी. शिक्का नाही असे काउंटरवर सांगितले तर नाव, सही आणि तारीख तरी घ्यावी. तेही नाकारले तर तेथे वाद न घालता तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवून पावती जपावी.

‘पैसे पाठवले आहेत’ असे उत्तर आले की प्रथम परताव्याचा व्यवहार क्रमांक मागावा आणि खातेउताऱ्यात तो शोधावा. मोबाइलवर आलेल्या एसएमएसवर विसंबू नये. कार्डाने भरणा केला असेल तर परताव्याचा २३ अंकी `ARN` मागावा. त्या क्रमांकावरून बँक तो परतावा शोधू शकते, नुसत्या ‘केला आहे’ या शब्दांवरून नाही. कार्डावर पैसे दिसायला आठवडाभरही लागतो, तेवढा वेळ द्यावा.

पंधरा दिवसांत काही झाले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी किंवा `consumerhelpline.gov.in` वर भरावी. तिथे पत्र, पोच आणि हीच चित्रे लागतात, नव्याने काही लिहावे लागत नाही. मदत केंद्र आदेश देत नाही, ते कंपनीकडे तक्रार पाठवून तडजोडीचा प्रयत्न करते. पण या टप्प्यावर अनेक प्रकरणे मिटतात. तरीही न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे ऑपरेटरचे मुख्य कार्यालय कोल्हापुरात असले तरी चेंबूरच्या माणसाला मुंबई उपनगर जिल्ह्यातच दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीचे शुल्क नाही, आणि तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची असते.

गुरुजींना तिथवर जावे लागले नाही. अ‍ॅपच्या अधिकाऱ्याची पोच दुसऱ्या दिवशी आली, ऑपरेटरचे मात्र उत्तरच आले नाही. अकराव्या दिवशी त्यांच्या खात्यात ८९५ रुपये जमा झाले. विम्याचे ३० रुपये वगळले होते. आम्ही त्याच ईमेलला उत्तर म्हणून दोन ओळी लिहिल्या: "८९५ रुपये मिळाले. विम्याचे ३० रुपये येणे बाकी आहेत, ते कोणी द्यायचे ते कळवावे." त्यानंतर तीन दिवसांनी तेही अ‍ॅपकडून आले.